गटप्रकल्पात एकाने गुपचूप एआय वापरलं, तर बाकीच्या चौघांचे गुण कसे द्यायचे?



गटप्रकल्पाला आपण बहुतेक जण पाचही मुलांना सारखेच गुण देतो. आठ तर आठ, सात तर सात. वेळ नसतो, पट मोठा असतो, आणि "गटाचं काम आहे, गटाला गुण" हे ऐकायलाही बरं वाटतं. माझं म्हणणं असं, की ही पद्धत आधीपासूनच थोडी अन्यायाची होती. गटातल्या एका मुलाने घरच्या मोबाइलवर एआयला विचारून अहवाल उतरवून आणला आणि बाकीच्यांना सांगितलंच नाही, की तो अन्याय उघडा पडतो. कारण तेव्हा ज्याने खरं काम केलं त्याचंच काम अहवालातून गायब झालेलं असतं.

एक उदाहरण घेऊन बोलू या, म्हणजे नुसती चर्चा होणार नाही. सातवीचा गट, पाच मुलं. विषय भूगोल, प्रकल्प 'आमच्या गावातील विहिरी'. दोन आठवड्यांची मुदत. कठडा असलेल्या बारा विहिरी निवडायच्या, घरचं मोठं माणूस सोबत घेऊन जायचं, कठड्यापासून पाण्यापर्यंतची खोली मोजायची, विहीरमालकाला दोन-तीन प्रश्न विचारायचे, गावाच्या नकाशात विहिरी दाखवायच्या आणि शेवटी सहा पानांचा अहवाल हस्ताक्षरात लिहायचा. मुलांची नावं मी देणार नाही. कामावरूनच ओळखू: दोरीवाली, वहीवाला, नकाशावाला, लिहिणारा आणि मुखपृष्ठवाली.

दोरीवालीने सुंभाच्या दोरीला दर फुटावर गाठ मारली आणि टोकाला दगड बांधला. दगड पाण्यात पडल्याचा आवाज आला की दोरी ताणून धरायची, दगड जेमतेम पाण्याला टेकेल इतकी वर घ्यायची आणि कठड्याजवळची गाठ मोजायची. वहीवाल्याने आकडे लिहून घेतले: 18, 21, 16, 25, 14, 19, 23, 20, 28, 17, 22, 15. बेरीज 238, म्हणजे सरासरी जवळपास 20 फूट. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली ही मापं.

अहवाल मात्र वेगळंच बोलत होता. अक्षर सुंदर, परिच्छेद आखीव. "भूजल पातळी चिंताजनकरीत्या खालावत असून शाश्वत जलव्यवस्थापन ही काळाची गरज आहे." पुढे, "गावातील विहिरींची पातळी दरवर्षी सरासरी दोन फुटांनी घटत आहे." आणि आणखी पुढे, "कालव्याच्या सिंचनामुळे काही भागात दिलासा मिळाला आहे." या गावात कालवा नाही. आकड्यांचा तक्ता चौथ्या पानावर चिकटवला होता, पण सहा पानांच्या मजकुरात बारापैकी एकाही विहिरीचा उल्लेख नव्हता.

आता अशा वेळी शिक्षक म्हणून पहिला मोह होतो तो "हे तुझं नाही" असं म्हणण्याचा. तो आवरायचा. भाषा शुद्ध आहे, शब्द जड आहेत, हा पुरावा नाही. वर्गात 'किशोर' नियमाने वाचणारं एखादं मूल असतं, एखाद्याच्या घरी वक्तृत्वाची तयारी चालते, त्यांच्या लिहिण्यात असे शब्द येतात. अशा मुलावर आपण नुसत्या भाषेवरून संशय घेतला तर ते पुढच्या वेळी मुद्दाम साधं, पडेल लिहील. काही जण मजकूर टाइप करून एआय ओळखणाऱ्या संकेतस्थळावर टाकतात. त्यावर विसंबू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःच जानेवारी 2023मध्ये असं एक ओळखण्याचं साधन काढलं आणि अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये बंद केलं. इंग्रजी मजकुरावरच्या त्यांच्या स्वतःच्या चाचणीत एआयने लिहिलेल्या शंभरातले 26 मजकूरच त्याने पकडले होते आणि माणसाने लिहिलेल्या शंभरातल्या 9 मजकुरांवर उगाच एआयचा शिक्का मारला होता. इंग्रजीखेरीज इतर भाषांत ते आणखी कच्चं आहे, असंही त्यांनीच सांगितलं होतं. मग सातवीच्या मुलाच्या मराठी हस्तलिखितावर असल्या साधनाच्या भरवशावर कुणाला दोषी ठरवायचं?

खरा पुरावा अहवालातच असतो, फक्त तो भाषेत शोधायचा नाही. या गटाच्या कामातून जे कळूच शकत नाही असं वाक्य कोणतं, ते शोधायचं. "दरवर्षी दोन फुटांनी घटते" हे कळायला किमान दोन वर्षं मोजायला हवं. या मुलांनी एकदाच, एका आठवड्यात मोजलं. मालकांना विचारलेल्या प्रश्नांतही मागच्या वर्षीच्या पातळीचा प्रश्न नव्हता, हे वहीवाल्याच्या वहीत दिसतं. म्हणजे ते वाक्य बाहेरून आलं. कुठून आलं, हा पुढचा प्रश्न. एआयकडून, दादाकडून, की झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तयार प्रकल्पातून? (हो, तयार प्रकल्प विकत मिळतात आणि ते काही आजचं नाही. आईने रात्री जागून लिहिलेले प्रकल्पही आपण सगळ्यांनी तपासलेत. एआयमुळे एवढंच झालं, की आता हे फुकटात आणि दोन मिनिटांत होतं.)

उलट बाजूनेही बघा. गटाने शोधलेलं पण अहवालात न आलेलं काय आहे? हे बघायला मात्र आपण सहसा विसरतो. आकडे नकाशाशी जोडून पाहिले, तर ओढ्याजवळच्या विहिरींना पाणी 14 ते 17 फुटांवर लागतं आणि माळावरच्या दोन विहिरींना 25 आणि 28 फुटांवर. हा खरा निष्कर्ष होता, तोही मुलांनी स्वतः शोधलेला. दोरीवालीला तो माहीत होता. तिने तो लिहिणाऱ्याला सांगितलाही होता. पण मोबाइलवरचा मजकूर इतका 'पुस्तकी' दिसत होता, की तिचं साधं वाक्य त्यात बसेना, आणि ते वगळलं गेलं. गटाला सरसकट आठ गुण दिले असते तर तिला वाटलं असतं, विहिरीवर गेले काय आणि न गेले काय, सारखंच. गटाला सरसकट शून्य दिलं असतं तरी तिला तेच वाटलं असतं.

म्हणून मी गुणांची विभागणी बदलते. सातवीला आकारिक मूल्यमापन 40 आणि संकलित 60 अशी वाटणी आहे. आकारिकमध्ये प्रकल्प हे एक साधनतंत्र आहे, आणि त्यासाठीच्या गुणांची आतली फोड आपल्याला करता येते. प्रकल्पाला 10 गुण धरले तर अहवालाला, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कामाला, फक्त 2. प्रत्येकाच्या स्वतःच्या कामाच्या कच्च्या खुणांना 4. आणि समोर बसून केलेल्या तोंडी कामाला किंवा प्रात्यक्षिकाला 4. अहवालाला एवढे कमी का, असं तुम्ही विचाराल. कारण आता सुबक अहवाल पाहून कोणी किती काम केलं हे कळत नाही. खरं सांगायचं तर ते आधीही फारसं कळत नव्हतं.

कच्च्या खुणा म्हणजे काय? वहीत घाईने लिहिलेले आकडे, खोडलेला आकडा आणि शेजारी लिहिलेला दुसरा, नकाशाचा पहिला बिघडलेला कागद, मालकाने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत. प्रकल्प देतानाच सांगायचं: पक्की वही नको, कच्ची जोडा, आणि प्रत्येकाने आपापली जोडा. तारीख घालायची. दर चार दिवसांनी त्यावर मी सही करते, वाचत बसत नाही. शेवटच्या रात्री सगळं एकदम तयार करणं त्यामुळे अवघड होतं. अगदी अशक्य होतं असं नाही. एखादं मूल कच्चेपणाही नंतर रंगवून आणेल. पण त्याला तेवढी मेहनत घ्यावी लागते, आणि पुढचा टप्पा तरी चुकत नाही.

तो पुढचा टप्पा म्हणजे तोंडी काम. यात एक पथ्य पाळायचं: संशय एकावर असला तरी प्रश्न पाचही जणांना, सारखेच, आणि एकेकट्याला. "कोणी केलं हे?" असं वर्गासमोर विचारलं की गट एकतर मूग गिळून बसतो, नाहीतर जो सगळ्यांत दुबळा त्याच्यावर ढकलतो. मी तीन प्रश्न ठेवते. पहिला स्वतःच्या कामावर: "कोणती विहीर दुसऱ्यांदा मोजावी लागली? का?" दुसरा गटातल्या दुसऱ्याच्या कामावर: "28 फुटांची विहीर नकाशात दाखव. ती एवढी खोल का असेल?" तिसरा अहवालातल्या एका वाक्यावर: "'दरवर्षी दोन फूट' हे आपल्याला कशावरून कळलं?"

पहिल्या प्रश्नाला फक्त तिथे गेलेलंच मूल उत्तर देऊ शकतं. या गटात एका विहिरीचं माप आधी 12 फूट आलं होतं, कारण दगड आतल्या टप्प्यावर अडकला होता आणि दोरी सैल पडली तेव्हा पाणी लागलं असं वाटलं. दगड वर काढला तर कोरडा! मग बाजू बदलून पुन्हा सोडला आणि 19 आले. हे एआयला माहीत असणं शक्य नाही आणि अहवालात तर नव्हतंच.

तिसऱ्या प्रश्नाला दोरीवाली म्हणाली, "मॅडम, आपण तर एकदाच मोजलं. दरवर्षीचं कसं कळणार?" वहीवालाही तेच म्हणाला. लिहिणारा थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "ते मी पप्पांच्या मोबाइलवरून घेतलं." मी आवाज चढवला नव्हता, त्याला पकडण्याचा प्रश्न विचारला नव्हता. प्रश्न वाक्यावर होता, त्याच्यावर नाही.

इथे तोंडी कामाची एक मर्यादाही सांगायला हवी. बोलकं मूल यात पुढे जातं आणि अबोल मागे पडतं. आमची दोरीवाली दुसऱ्या प्रश्नाला नुसती खाली बघत राहिली. तिच्या हातात दोरी दिली आणि म्हटलं, "शाळेच्या पाण्याच्या टाकीत सोडून दाखव." मग हात आणि तोंड दोन्ही चालू झालं. दगड कुठे अडकतो, ओली दोरी कशी ताणते, ओढ्याकाठी पाणी वर का, सगळं आलं. म्हणून मी 'तोंडी किंवा प्रात्यक्षिक' म्हणते. मुलाने जे काम हाताने केलं ते हातानेच दाखवू द्या. लेखनाची जबाबदारी असणाऱ्याकडून समोर बसवून आठ ओळी लिहून घ्या.

वेळेचं काय? चाळीसचा पट, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे दोन तास. एका दिवसात होत नाही. बाकीची मुलं चित्रकलेत किंवा स्वाध्यायात असताना रोज एक-दोन गट घेतले तर आठवड्यात उरकतं. दोन शिक्षकी शाळेत चार-चार वर्ग सांभाळणाऱ्यांना हेही जड आहे, मला कल्पना आहे. त्यांनी सत्रात एकाच प्रकल्पाला हे करावं आणि दुसरा प्रकल्प सरळ वैयक्तिक द्यावा. पण पाचही जणांना न विचारता गुण देण्यापेक्षा प्रकल्पच कमी दिलेले बरे.

मुलांनी एकमेकांना गुण द्यायचे, ही पद्धतही काही ठिकाणी वापरतात. मला ती फारशी पटत नाही. मैत्रीत दहापैकी दहा मिळतात आणि ज्याच्याशी कोणी बोलत नाही त्याला दोन. त्याऐवजी चिठ्ठीवर एकच प्रश्न: "गटातल्या प्रत्येकाने केलेलं, तू स्वतः पाहिलेलं एक काम लिही." चौघांच्या चिठ्ठ्या जुळल्या तर ते काम झालेलं असतं. या चिठ्ठ्यांवर मी गुण देत नाही, तोंडी प्रश्न कुणाला काय विचारायचे हे ठरवायला वापरते. मुखपृष्ठवालीबद्दल तिघांनी "चित्र छान काढलं" एवढंच लिहिलं होतं, तेव्हा तिला कोणत्या विहिरींवर गेलीस हे विचारणं भाग होतं. दोनच विहिरींवर गेली होती, मग घरच्या लग्नात अडकली.

आता गुण. आधी गटाला दोन तासिका देऊन अहवाल शाळेतच, पाच जणांनी मिळून दुरुस्त करायला लावला. दोन खोटी वाक्यं गेली, ओढा आणि माळ यांचा निष्कर्ष आला. सुधारलेल्या अहवालाला सगळ्यांना 2 पैकी 2. दोरीवालीला कच्च्या कामाचे 4, प्रात्यक्षिकाचे 3, एकूण 9. लिहिणाऱ्याकडे कच्चं काम काहीच नव्हतं, 0. पण त्याला तक्ता सगळ्यांपेक्षा चांगला समजला होता, सरासरी कशी काढली ते त्याने फळ्यावर करून दाखवलं आणि माझ्यासमोर सात ओळी नीट लिहिल्या. तोंडीचे 3, एकूण 5. मुखपृष्ठवालीला 2, 1 आणि 1, एकूण 4.

इथे कुणी म्हणेल, ज्याने फसवलं त्याला 5 आणि जिने फसवलं नाही तिला 4, हा कुठला न्याय? प्रश्न रास्त आहे. स्टाफरूममध्येही यावर बराच वाद झाला. माझं मत ठाम आहे: गुण हे मुलाला काय येतं याची नोंद आहे, शिक्षा नव्हे. लिहिणाऱ्याला सरासरी येते, तर त्याचे गुण मी कापू शकत नाही. आणि मुखपृष्ठवालीला तिच्या सच्चेपणासाठी भूगोलाचे गुण देऊ शकत नाही. लपवल्याची नोंद लपवल्याच्या जागी करायची. ती जागा आपल्याकडे आहे: वर्णनात्मक नोंदी. त्याच्या 'सुधारणा आवश्यक' खाली मी लिहिलं, "मदत घेतल्यास गटाला सांगावे; घेतलेली माहिती स्वतःच्या नोंदींशी पडताळून पाहावी." 'विशेष प्रगती'त लिहिलं, "तक्त्यावरून सरासरी अचूक काढतो व समजावून सांगतो." दोन्ही खरं आहे.

आणखी एक गोष्ट त्याच्याशी बोलताना कळली. चौघांनी आपापलं काम करून सगळी वही त्याच्याकडे दिली ती अहवाल द्यायच्या आदल्या संध्याकाळी. सहा पानं, एकटा, एक रात्र. गटात "तू मोज, तू रंगव, तू लिही" अशी वाटणी झाली की लिहिणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यांचं विचार करायचं काम येतं. त्यामुळे गुपचूप उतरवणं बरोबर ठरत नाही. पण आता माझ्या वर्गात प्रत्येकाने आपापल्या कामाचं एक पान स्वतः लिहायचं असतं, आणि शेवटचं पान वर्गात सगळ्यांनी मिळून. नुसता 'लेखक' कोणी नसतो.

पालकांना दोन विनंत्या. मोबाइल तुमचा असतो, त्यामुळे घरी काय उतरवलं गेलं हे तुम्हाला आमच्या आधी कळतं. चॅटजीपीटीच्या स्वतःच्या अटींमध्ये किमान वय 13 आहे आणि 18 वर्षांखालच्यांना पालकांची परवानगी लागते. सातवीतली बरीच मुलं बाराच वर्षांची असतात. दुसरं, मुलाने मदत घेतली असेल तर लपवायला लावू नका. आमच्या प्रकल्पाच्या शेवटी आता एक ओळ असते: "हे करताना कोणाची, कशाची मदत घेतली?" तिथे आई, दादा, यूट्यूब, एआय काहीही लिहिलं तरी त्या लिहिण्यामुळे गुण कमी होत नाहीत. एखाद्या मुलाने लिहिलं, "शुद्धलेखन मोबाइलवर तपासलं," तर ते चालतं. "दरवर्षी दोन फूट" हे वाक्य तिथून आलं असं लिहिलं असतं, तर ते कशावरून हे मी त्याला आधीच विचारलं असतं आणि दोरीवालीचा निष्कर्ष पहिल्याच अहवालात राहिला असता.

त्या बारा विहिरी मार्चच्या शेवटी पुन्हा मोजायच्या ठरल्या आहेत, त्याच कठड्यांवरून, त्याच दोरीने. तीन-चार महिन्यांत पाणी किती खाली गेलं ते तरी मुलांना स्वतःच्या आकड्यांवरून सांगता येईल. या वेळी दोरी लिहिणाऱ्याच्या हातात आहे आणि वही दोरीवालीच्या.